दोन आतले कोपरे: एका छोट्या मालिकेच्या फिनिशिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

तीन माणसांची घड्याळ कार्यशाळा. स्वतःच्या नावाची पहिली मालिका काढायची होती, बारा मनगटी घड्याळांची. मूव्हमेंट, म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा, शून्यातून बनवण्याएवढी साधनं त्यांच्याकडे नव्हती. म्हणून त्यांनी पाया म्हणून युनिटास ६४९८ घेतली. ती ३६.६ मिलिमीटर व्यासाची, ४.५ मिलिमीटर जाडीची, हाताने चावी द्यायची मूव्हमेंट आहे. मुळात खिशातल्या घड्याळासाठी आखलेली असल्यामुळे तिच्यात जागा ऐसपैस आहे, दुरुस्तीला सोपी आहे आणि सुटे भाग सहज मिळतात. वेळ नीट राखते की नाही हा प्रश्न इथे नव्हता. तो पायाभूत मूव्हमेंटने आधीच सोडवलेला होता. वेगळेपण आणायचं होतं ते मागच्या काचेतून दिसणाऱ्या भागात.

त्यासाठी त्यांनी मूळचे ब्रिज, म्हणजे चाकांचे अक्ष वरून धरणारे धातूचे भाग, बाजूला ठेवून मुख्य स्प्रिंगच्या डब्यावरचा बॅरल ब्रिज, चाकांवरचा ट्रेन ब्रिज आणि झुलत्या बॅलन्स चाकावरचा बॅलन्स कॉक असे तीन भाग जर्मन सिल्व्हर या तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूत नव्याने आखले आणि बाहेरून सीएनसीवर कापून घेतले. लाटांसारखे दिसणारे जिनेव्हा पट्टे, छोट्या वर्तुळांचं पर्लाज आणि तिरक्या छाटलेल्या, म्हणजे बेव्हल केलेल्या कडा, असे तिन्ही प्रकार करायचे ठरलं. पट्टे आणि पर्लाज कार्यशाळेतच करायचे होते. बेव्हल मात्र कापतानाच यंत्राने पाडून घेतले आणि वर हाताने थोडं पॉलिश मारलं. पहिल्या नमुन्यावर फिनिशिंगचे साधारण अकरा तास गेले. किंमत ठरवली ती याच पायाच्या चांगल्या घड्याळांच्या जवळजवळ तिप्पट, आणि माहितीपत्रकात लिहिलं, ‘हाताने फिनिश केलेली मूव्हमेंट’.

मी या कामात आलो तो नमुना तयार झाल्यानंतर, फिनिशिंग पाहून सल्ला द्यायला.

अडचण कुठे उभी राहिली

नमुना एका जुन्याजाणत्या संग्राहकाला दाखवला होता. त्यांनी दहापट भिंग लावलं, घड्याळ दिव्याखाली हळूहळू फिरवलं आणि म्हणाले, “पट्टे छान आहेत. पर्लाजही नीट आहे. पण कडा मशीनच्या आहेत. या किमतीत मला कडा हव्यात.”

कार्यशाळेच्या प्रमुखांना हे लागलं, कारण पॉलिशवर त्यांनी खरोखर मेहनत घेतली होती. पण भिंगाखाली जे दिसत होतं ते निर्विवाद होतं. कटरने पाडलेल्या बेव्हलवर कडेच्या दिशेने बारीक समांतर रेघा राहतात. वरून पॉलिश मारलं की त्या बुजतात, पण पूर्ण जात नाहीत. प्रकाश फिरवला की तो बेव्हलवरून एकसंध सरकत नाही, तुटत तुटत जातो. दुसरी खूण त्याहून ठळक होती. जिथे ब्रिजची कड आत वळते, तिथे प्रत्येक ठिकाणी कोपरा नव्हता, छोटी गोलाई होती. फिरणाऱ्या हत्याराला स्वतःची त्रिज्या असते. ते आतल्या कोपऱ्याच्या टोकापर्यंत पोचूच शकत नाही. दोन बेव्हल एका धारदार रेषेत येऊन मिळाले असतील, तर तिथे कानस घेऊन माणूस बसला होता असं समजायला हरकत नाही. जाणकार पहिली नजर तिथेच टाकतात ती याचमुळे.

या कामाला एक जाहीर मोजपट्टीही आहे. घड्याळाच्या दर्जासाठी दिल्या जाणाऱ्या जिनेव्हाच्या मोहरेचा कायदा १८८६ सालचा. ब्रिजच्या कडा बेव्हल करून पॉलिश केलेल्या असाव्यात आणि उभ्या बाजू सरळ रेघांनी ओढलेल्या असाव्यात, अशा अपेक्षा त्या परंपरेत आहेत. ही मोहर जिनेव्हा कॅंटनमध्ये जुळवलेल्या घड्याळांनाच मिळते, त्यामुळे या कार्यशाळेला ती मिळण्याचा प्रश्न नव्हता. पण संग्राहक याच अपेक्षा मनात धरून भिंग लावतात.

म्हणजे अडचण कारागिरीच्या दर्जाची कमी आणि विधानाची जास्त होती. ‘हाताने फिनिश केलेली’ या शब्दांसाठी पैसे मागितले होते आणि ज्या जागी हात दिसायला हवा तिथेच तो दिसत नव्हता.

तीन गोष्टी, तीन वेगळे खर्च

पर्याय समजायला प्रत्येक काम कसं होतं आणि त्याला किती वेळ लागतो हे पाहावं लागेल.

जिनेव्हा पट्टे पाहणाऱ्याला सगळ्यात अवघड वाटतात, पण तिघांत सगळ्यात लवकर होणारं काम तेच. फिरणारी अपघर्षक चकती किंचित तिरकी धरलेली असते, त्यामुळे तिची एकच बाजू धातूला लागते. खाली ब्रिज सरळ रेषेत सरकतो आणि चकती बारीक कमानींची एक रांग सोडून जाते. मग टेबल एका पट्ट्याइतकं बाजूला घ्यायचं, या मालिकेत २.२ मिलिमीटर, आणि पुढचा पट्टा आधीच्याच्या कडेवर थोडा चढवायचा. या चढण्यामुळे एका बाजूला स्पष्ट रेघ येते आणि दुसरीकडे छटा विरत जाते. पाण्याच्या लाटेसारखा भास होतो तो त्यामुळे. प्रत्यक्षात धातू निघतो तो काही मायक्रॉनच. जुळणीला तासभर द्यावा लागतो, नंतर तिन्ही ब्रिजना मिळून वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

इथे कस लागतो तो पट्टे एका ब्रिजवरून दुसऱ्यावर न तुटता जाण्यात. त्यासाठी ब्रिज एकेक करून चालत नाही. मेन प्लेटसारख्याच, म्हणजे सगळी यंत्रणा जिच्यावर बसते त्या तळाच्या तबकडीसारख्याच, खुंट्या असलेल्या फिक्स्चरवर ते आपापल्या जागी बसवून एकाच ओढीत पट्टे काढावे लागतात. बॅलन्स कॉक वेगळ्या उंचीवर असतो, म्हणून तो नंतर करायचा, पण टेबलाचे आकडे तेच ठेवून. या कार्यशाळेने हे नमुन्यातच बिनचूक केलं होतं. संग्राहकांनी पट्ट्यांची तारीफ केली ती उगाच नव्हती.

पर्लाज म्हणजे एकमेकांवर चढलेली छोटी वर्तुळं. ड्रिल प्रेसमध्ये रबरात बांधलेल्या अपघर्षकाची कांडी लावायची, क्षणभर टेकवायची, उचलायची, अर्ध्या वर्तुळाइतकं सरकायचं, पुन्हा टेकवायची. मेन प्लेटच्या मोकळ्या भागासाठी तीन मिलिमीटरची कांडी आणि खाचांमध्ये दीड मिलिमीटरची. कांडीचं तोंड अगदी सपाट नसेल तर पूर्ण वर्तुळाऐवजी चंद्रकोर उमटते, म्हणून ते पुन्हा पुन्हा घासून सरळ करावं लागतं. ओळ वाकडी गेली तर मधेच सुधारता येत नाही. संपूर्ण पृष्ठभाग साफ करून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एका मेन प्लेटच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन तास धरले होते.

पर्लाजमध्ये एक अडचण आहे जी नवख्याला दिसत नाही. तयार घेतलेली मेन प्लेट पितळेची, वर निकेलचा मुलामा. कांडी टेकवली की मुलामा फुटतो आणि खालचं पिवळं पितळ डोकावतं. म्हणजे आधी मुलामा काढायचा, पर्लाज करायचं आणि मग नवा मुलामा द्यायचा, असा क्रम पाळणं भाग असतं. शिवाय चाकांचे अक्ष ज्यांच्या छिद्रांत फिरतात ती माणकं प्लेटमध्ये दाबून बसवलेली असतात आणि त्या छिद्रांत अपघर्षक जाता कामा नये. ती काढावी लागतात. काढण्याआधी प्रत्येकाची खोली जेवेलिंग टूलच्या मायक्रोमीटरवर नोंदवायची, नाहीतर परत बसवताना चाकांच्या अक्षांची उभी मोकळीक बदलते आणि सजावटीपायी चालच बिघडते.

आणि बेव्हल. वरचा सपाट भाग आणि उभी बाजू यांच्यामधली कड ४५ अंशांत छाटायची. याचं मूळ कारण सजावटीचं नाही. कापताना कडेवर बर राहते, म्हणजे धातूचा उठलेला बारीक काठ, आणि तो कधीतरी सुटून चाकांच्या दातांत जाऊ शकतो. पण बर काढायला एक घासणी पुरते. कडेवर सगळीकडे सारख्या रुंदीची, आरशासारखी पट्टी उमटवायची तर बारीक कानस, मग अपघर्षक दगड, मग आणखी बारीक दगड, आणि शेवटी जेन्शियनच्या लाकडाची काडी हिऱ्याच्या पेस्टमध्ये बुडवून, इतक्या पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीने आधीच्या पायरीचे सगळे ओरखडे काढलेले असले पाहिजेत. एखादा राहिला तर तो पॉलिशमध्ये आणखी उठून दिसतो. साध्या बाहेरच्या वळणाच्या ब्रिजला तीन-चार तास. आतला प्रत्येक कोपरा त्यात किमान दीड तासाची भर घालतो.

समोरचे पर्याय

आम्ही चौघं बसलो तेव्हा टेबलावर चार वाटा होत्या.

पहिली, घड्याळ आहे तसंच ठेवायचं, ‘यंत्राने पाडलेले बेव्हल, हाताने पॉलिश’ असं स्पष्ट लिहायचं आणि किंमत खाली आणायची. ही वाट प्रामाणिक आणि झटपट होती. माझ्या मते तिच्यात कमीपणाही काही नव्हता. पण बारा घड्याळांत यंत्रकामाचा आणि ब्रिज आखण्याचा खर्च निघत नव्हता.

दुसरी, बेव्हलचं काम बाहेरच्या फिनिशरकडे द्यायचं. काम उत्तम झालं असतं. पण रांग लांब होती आणि कार्यशाळेत हे कौशल्य कायमचं आलं नसतं. पुढे एखाद्या घड्याळाच्या कडेवर ओरखडा पडला तर पुन्हा त्याच दाराशी जावं लागलं असतं.

तिसरी मला सुरुवातीला फार पटली होती. पट्टे आणि चमक दोन्ही सोडून ब्रिजवर बारीक खरखरीत, एकसारखा दाणेदार पोत द्यायचा. जुन्या खिशातल्या घड्याळांत हा पोत सुंदर दिसतो आणि अशा निस्तेज पृष्ठभागाशेजारी साधा अरुंद बेव्हलही उजळून निघतो. पण पट्ट्यांचं फिक्स्चर आणि हात दोन्ही तयार होते, आणि तेच काम सर्वांत चांगलं जमलेलं होतं. जे उत्तम येतं ते टाकून देण्यात अर्थ नव्हता.

चौथी, ब्रिज नव्याने आखायचे, यंत्राचा बेव्हल बंद करायचा, कड काटकोनातच मागवायची आणि बेव्हल पूर्णपणे हाताने करायचा. ही निवडली.

निर्णयाचा गाभा: किती कोपरे

चौथी वाट ठरली तरी खरा प्रश्न पुढेच होता. प्रमुखांनी काढलेल्या पहिल्या नव्या आराखड्यात सहा आतले कोपरे होते. दिसायला तो आराखडा देखणा होता. मी त्याला विरोध केला. आतला कोपरा नुसता वेळखाऊ नसतो, तो धोक्याचा असतो. दोन्ही बाजूंचे बेव्हल सारख्या रुंदीचे असले तरच त्यांना जोडणारी रेघ अचूक मधोमध येते. एका बाजूला कानशीचा एक फेरा जास्त झाला की रेघ कलते. ती सरळ करायला दुसऱ्या बाजूला घासावं लागतं, मग रुंदी वाढते, आणि मग संपूर्ण कडेची रुंदी त्याच्याशी जुळवत न्यावी लागते. पॉलिशच्या वेळी लाकडाची काडी त्या टोकात जराशी गोल झाली, तर मेहनतीने मिळवलेली रेघ दोन मिनिटांत पुसली जाते. नवशिक्या हाताने सहा कोपरे गुणिले बारा घड्याळं म्हणजे किती ब्रिज भंगारात जातील हे सांगता येत नव्हतं.

शेवटी ट्रेन ब्रिजवर दोन आतले कोपरे आणि त्यांच्यामध्ये एक बाहेर आलेलं धारदार टोक एवढंच ठेवलं. ही जागा बॅलन्स चाकाच्या शेजारी आहे. घड्याळ चालू असताना नजर आपोआप बॅलन्सकडे जाते, त्यामुळे कोपरे दिसणार हे नक्की होतं. बॅरल ब्रिजला एकच लांब, सलग कमान दिली. तिथे कोपरा नाही, पण लांब कमानीवर बेव्हलची रुंदी शेवटपर्यंत सारखी राखणं हीसुद्धा भिंगाखाली टिकायला हवी अशी गोष्ट आहे. आराखड्यावर बेव्हलची रुंदी ०.२५ मिलिमीटर लिहिली. पूर्वी ती कुठेच लिहिलेली नव्हती, जो तो नजरेने ठरवत होता.

तासांचा हिशेब असा बसला: एका मूव्हमेंटला सगळं फिनिशिंग मिळून चौतीस तास, म्हणजे नमुन्याच्या तिप्पट. यातले जेमतेम तीन तास पट्टे आणि पर्लाजचे. मालिका बारावरून आठवर आणली.

डायलखालचं पर्लाज ठेवायचं का, यावर थोडी चर्चा झाली, कारण ते मालकाला कधीच दिसत नाही. ठेवलं. वेळ कमी लागतो, आणि घड्याळ उघडणारा पुढचा कारागीर ते पाहतो. जाणत्या मंडळींत त्याचं मत फिरतं.

प्रत्यक्ष काम

सुरुवातीला क्रम असा ठेवला: आधी उभ्या बाजू सरळ रेघांनी ओढायच्या, मग बेव्हल पूर्ण पॉलिशपर्यंत न्यायचा, आणि शेवटी पट्टे. त्यामागचा विचार बरोबर होता. बेव्हल घासताना वरच्या पृष्ठभागावर हमखास ओरखडे पडतात आणि शेवटी येणारे पट्टे ते पुसून टाकतात. पण पहिल्या दोन ब्रिजवर वेगळाच त्रास दिसला. चकती कडेवरून बाहेर जाताना धातूचा अतिसूक्ष्म काठ बेव्हलवर ढकलत होती. उघड्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण पट्टे आणि बेव्हल यांच्यामधली सीमा भिंगाखाली धूसर होते. ती सीमारेषाच तर रेखीव दिसायला हवी असते.

क्रम उलटा करून पाहिला, आधी पट्टे आणि मग बेव्हल. दगड एकदा निसटला आणि पट्ट्यांवर चरा गेला. तो ब्रिज गेला. म्हणून मधला मार्ग काढला: बेव्हल कानस आणि दोन्ही दगडांपर्यंत न्यायचा, मग पट्टे काढायचे, आणि फक्त शेवटचं लाकडाचं पॉलिश पट्ट्यांनंतर करायचं. लाकूड निसटलं तरी खोल चरा पाडत नाही. काडीचं तोंड अगदी सपाट छाटलेलं असलं आणि पेस्ट नावालाच लावली, तर ती पट्ट्यांच्या कडेवर चढून तिथे नको ती चकाकी आणत नाही. माणकांच्या आणि स्क्रूच्या भोवतीचे खोलगट कडे याच कारणासाठी पट्ट्यांनंतर कापले. आधी कापले असते तर चकतीने त्यांचे काठ गोल केले असते. माणकं सगळ्यात शेवटी बसवली.

हा क्रम सगळीकडे चालेल असं मी म्हणणार नाही. वेगवेगळ्या कार्यशाळा वेगवेगळे क्रम पाळतात आणि प्रत्येकाच्या बाजूने बोलता येतं. लांगे ही जर्मन घड्याळ कंपनी तर मूव्हमेंट एकदा पूर्ण जुळवते, जुळणी तपासते, पुन्हा सुटी करते, शेवटचं फिनिशिंग देते आणि दुसऱ्यांदा जुळवते. आठ घड्याळांच्या कार्यशाळेला तेवढं परवडत नाही, पण त्यामागचं कारण हेच आहे: शेवटच्या पॉलिशनंतर भागाला जितका कमी हात लागेल तितकं बरं.

दुसरा निर्णय मुलाम्याचा होता. जर्मन सिल्व्हर उघडं ठेवता येतं. त्याची किंचित उबदार, पिवळसर झाक अनेकांना फार आवडते, मलाही. पण उघड्या जर्मन सिल्व्हरवर बोटांचे ठसे बसतात आणि कालांतराने डाग होतात. खाली मेन प्लेटला मुलामा द्यावाच लागणार होता, त्यामुळे दोन रंग शेजारी आले असते. म्हणून दोन्हींवर रोडियम ठरलं. आधी त्याच धातूच्या छोट्या तुकड्यावर बेव्हल आणि दोन पट्टे काढून तो मुलाम्याला पाठवला, आणि हे फार उपयोगी पडलं. तुकडा परत आला तेव्हा पट्टे ठीक होते, पण बेव्हल करडा झाला होता. मुलाम्याआधी भाग आम्लात बुडवतात. ती बुडवणी लांबल्यामुळे आरसा मंदावला होता. मुलामा ओरखडा लपवत नाही आणि गेलेली चमकही परत आणत नाही. खाली जे असेल तेच वर दिसतं. मुलामा देणाऱ्याशी बोलून बुडवणी अगदी थोडक्यात उरकायचं ठरलं आणि दुसरा तुकडा स्वच्छ आला. त्यानंतरच ब्रिज पाठवले.

आतल्या कोपऱ्यांवर प्रगती हळू होती. पहिल्या तीन ब्रिजपैकी एक टाकावा लागला, कारण जोडरेघ टोकापाशी गोल झाली होती. कार्यशाळेतल्या सगळ्यात तरुण कारागिराने शेवटी एक युक्ती शोधली. कानशीच्या एका बाजूचे दात दगडावर घासून पूर्ण गुळगुळीत करायचे. मग कानस कोपऱ्यात टेकवली की एकाच बाजूचा बेव्हल कापला जातो आणि दुसऱ्या बाजूला धक्का लागत नाही. अशी एका अंगाने गुळगुळीत कानस जुन्या फिनिशरांच्या खणात असतेच. पण ती स्वतः शोधून काढल्यावर त्याच्या हाताला जो भरवसा आला तो नुसतं सांगून आला नसता.

निकाल

आठही घड्याळं पूर्ण झाली. किंमत नमुन्याच्या किमतीहून साधारण एक तृतीयांशाने वाढवली. तास तिप्पट झाले, किंमत एक तृतीयांशाने वाढली, म्हणजे प्रत्येक घड्याळामागचा नफा कमी झाला. हे आधीच माहीत होतं आणि स्वीकारलं होतं.

तेच संग्राहक पुन्हा आले. या वेळी त्यांनी भिंग सरळ ट्रेन ब्रिजवर नेलं. बराच वेळ पाहिल्यावर बॅलन्स कॉकच्या पायथ्याशी बेव्हल जरा रुंद झाल्याचं त्यांनी दाखवलं. ते खरंच होतं. तरीही त्यांनी एक घड्याळ घेतलं आणि आणखी दोघांना कार्यशाळेचा पत्ता दिला. तीन घड्याळं थेट त्यांच्या शब्दावर गेली.

दुसऱ्या एका ग्राहकाला नमुना आणि नवं घड्याळ शेजारी ठेवून दाखवलं तेव्हा त्यांना दोघांत काहीच फरक दिसला नाही. त्यांना आवडले ते पट्टे. भिंग दिल्यावर आणि घड्याळ प्रकाशात कसं फिरवायचं ते सांगितल्यावर फरक दिसला, पण तेवढ्यासाठी जास्त पैसे द्यावेत असं त्यांना वाटलं नाही. त्यांचंही बरोबरच होतं. पट्टे आणि पर्लाज दुरून दिसतात, त्यामुळे ते नसतील तर मूव्हमेंट अर्धवट वाटते. पण ते बऱ्यापैकी स्वस्तात यंत्रावर होतात, म्हणून ते असण्याने किंमत फारशी चढत नाही. हाताने केलेल्या बेव्हलची किंमत फक्त पाहणाऱ्याच्या लेखी चढते. त्यामुळे अशी घड्याळं कोणाला दाखवायची हासुद्धा किंमत ठरवण्याचाच भाग होऊन बसतो.

वर्षभराने एक घड्याळ परत आलं. बाहेर कुठेतरी सर्व्हिसला उघडलं होतं, स्क्रूड्रायव्हर निसटला होता आणि बॅरल ब्रिजच्या कमानीवर स्पष्ट खोबण पडली होती. खोबण काढायची म्हणजे तिच्या तळापर्यंत संपूर्ण कमान घासायची. बेव्हल रुंद होतो, वर रोडियम पुन्हा द्यावं लागतं, आणि त्याआधी जुना मुलामा उतरवताना पट्टेही जातात. ब्रिज बदलणंच स्वस्त पडलं. सुदैवाने दोन ब्रिज जास्त कापून ठेवले होते, पण ते कच्चे होते. एका ब्रिजसाठी फिक्स्चर लावून, टेबलाचे जुने आकडे जुळवून, शेजारच्या ब्रिजवरच्या पट्ट्यांशी नवे पट्टे मिळवण्यात अख्खा दिवस गेला.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी बचत आराखड्यावरच झाली असती. कडा कशा असणार, आतले कोपरे किती, बेव्हल किती रुंद, हे ब्रिज कापायला देण्याआधी ठरलं असतं तर ब्रिजचा एक पूर्ण संच वाया गेला नसता.

मेन प्लेट मुलाम्याशिवाय आणि माणकांशिवाय मागवता आली असती तर माणकं काढण्या-बसवण्याचं काम टळलं असतं. दाबून बसवलेलं माणिक काढून परत बसवलं की छिद्राची पकड दरवेळी थोडी सैल होते. एका प्लेटमध्ये एक माणिक ढिलं लागलं आणि एका मापाने मोठं बसवावं लागलं.

मुलाम्याचा नमुना-तुकडा पहिल्याच आठवड्यात पाठवायला हवा होता. तो पाठवला तोवर चार ब्रिज पूर्ण पॉलिश होऊन डबीत पडले होते, आणि बुडवणीचा निकाल येईपर्यंत ते तसेच थांबले.

माहितीपत्रकाची भाषा आता बदलली आहे. त्यात ‘हाताने फिनिश केलेली’ असं मोघम वाक्य नाही. पट्टे यंत्रावर, पर्लाज ड्रिल प्रेसवर, बेव्हल कानस-दगड-लाकडाने हाताने, ट्रेन ब्रिजवर दोन आतले कोपरे, असं सुटं सुटं लिहिलेलं आहे. यामुळे प्रश्न कमी झाले आणि भाव करणंही.

सहा कोपऱ्यांचा तो आराखडा मात्र प्रमुखांनी फाडलेला नाही. पुढच्या मालिकेसाठी त्यांनी ट्रेन ब्रिजवर तीन कोपरे धरले आहेत, आणि प्रत्येक घड्याळामागे एक जादा ब्रिज पट्ट्यांपर्यंत पूर्ण करून, फिक्स्चरचे आकडे पाकिटावर लिहून ठेवायचं ठरवलं आहे.